गुरुवार आहे माझा

लग्नाच्या प्रत्येक हॉलमध्ये एक तरी बाई अशी असते, जी पंख्याखाली न बसता दाराजवळ बसते. पैठणी नेसलेली असते, पण गजरा केसांत नसतो, पर्समध्ये असतो, तोही पिशवीत गाठ मारून. फोडणीचा वास आला की तिला एकदम फोन येतो. कोणी ‘जेवलीस का?’ विचारलं तर ‘आत्ताच’ म्हणते, आणि ‘काय जेवलीस?’ विचारलं तर नवऱ्याकडे बघते. माझं पुण्यात औषधाचं दुकान आहे, त्यामुळे असे चेहरे मला काउंटरवरून ओळखू येतात. गेल्या वैशाखात आतेभावाच्या लग्नाला आम्ही सांगलीला गेलो, तेव्हा ही बाई आमच्याच गाडीत मागच्या सीटवर बसली होती. माझी वहिनी.

वहिनीला आठवा आठवडा होता. हे गुपित तिघांनाच ठाऊक होतं. ती, दादा आणि मी. मला सांगितलं ते प्रेमापोटी नव्हे, गोळ्या माझ्याच दुकानातून जात होत्या म्हणून. दादा सीए असल्यामुळे त्याला हा हिशेबच पटत नव्हता. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत मुळात गर्भच नसतो. ‘जमा व्हायच्या आधीपासून व्याज कसं लावतात रे?’ असं तो पेठ नाक्यापर्यंत विचारत होता. मळमळ साधारण सहाव्या आठवड्याला सुरू होते, नवव्याच्या सुमारास कळसाला पोहोचते आणि चौदा-सोळाव्यापर्यंत बहुतेकींची ओसरते. म्हणजे गुरुजींनी काढलेला मुहूर्त बरोबर कळसाच्या एक पायरी खाली पडला होता.

मग सांगून का टाकायचं नाही? दोन वर्षांपूर्वी तिने सांगितलं होतं. सहाव्या आठवड्यात, दिवाळीत, सगळ्यांना. नवव्यात ते गेलं. बातमी द्यायला एक फोन पुरला होता, परत घ्यायला साठ लागले, आणि साठाव्या फोनवर तीच समोरच्या काकूंची समजूत घालत होती. तीन महिने होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, हे तिने तेव्हाच ठरवलं. गर्भ राहत नाही तेव्हा बहुधा याच बारा आठवड्यांत राहत नाही, हे मीही तिला सांगितलं असतं. पण ती ते माझ्याआधी शिकली होती.

पंचाईत एकच होती. लग्नाला बेळगावच्या मावशी येणार होत्या. आईची मावसबहीण. घराण्यातली प्रत्येक गोड बातमी त्यांना डॉक्टरांच्या आधी कळते, असा त्यांचा लौकिक. त्या काही विचारत नाहीत. नुसत्या ताटाकडे बघतात.

आदल्या दिवशी हळद होती. सांगली ही हळदीची पेठ. तिथे हळद वाटीत नसते, परातीत असते. एरवी मलाही तो वास आवडतो, पण या दिवसांत बायकांचं नाक इतकं तिखट होतं की तीन खोल्यांपलीकडच्या काकांनी कानात खोचलेला हिना अत्तराचा फाया वहिनीला दिशेसकट कळत होता. ‘ऍसिडिटी झालीय’ म्हणून तिने तो दिवस रेटला. ऍसिडिटी म्हटल्यावर अकरा बायकांनी अकरा उपाय सांगितले आणि त्यातले चार तिथल्या तिथे पाजले.

खरा प्रसंग गुरुवारी पहाटे पाचला घडला. मळमळ रिकाम्या पोटी भडकते, म्हणून उशाशी काहीतरी कोरडं ठेवायचं, डोळे उघडल्याबरोबर पडल्यापडल्या दोन घास खायचे आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच पडून मग उठायचं. हा सल्ला डॉक्टरांनी दिलेला, आणि घरी फार चांगला. पण हॉलच्या वधूपक्ष-वरपक्ष खोल्यांत एका सतरंजीवर बारा बायका झोपतात. वहिनीने अंधारात पांघरुणात शिरून टोस्ट चावला. पुन्हा चावला. तिसऱ्या घासाला कोपऱ्यातून आत्याचा आवाज आला, ‘अगं बाई, उंदीर!’

दिवे लागले. बारा बायका उठल्या, गाद्या झटकल्या गेल्या, शालूंची बॅग टेबलावर चढली. हॉलच्या व्यवस्थापकाला झोपेतून उठवून आणलं, त्याने ‘आमच्याकडे उंदीर नाहीत’ असं शपथेवर सांगितलं, आणि तो बिचारा खरंच बोलत होता. वहिनीही हातात झाडू घेऊन शोधत होती. तोंडातला टोस्ट तिने तेवढ्यात न चावता विरघळवला. सकाळी सातला मला निरोप आला, ‘भाऊजी, आवाज न होणारं काहीतरी आणा.’ मी गावभर फिरलो. सांगलीत त्या वेळी मिळतं ते भडंग, आणि भडंगाइतका बोलका पदार्थ दुसरा नाही. शेवटी एका दुकानात साळीच्या लाह्या मिळाल्या. जिभेवर ठेवल्या की विरतात, वास नाही, आवाज नाही. लपवणाऱ्या बाईच्या पर्समध्ये टोस्ट चालत नाही, लाह्याच हव्यात, हे मी तेव्हापासून गिऱ्हाइकांना आवर्जून सांगतो.

रात्रीची गोळी तिने घेतली होती. डॉक्सिलामाइन आणि बी-६. ती सावकाश उतरते, म्हणून झोपताना घ्यायची, म्हणजे सकाळी कामाला येते. फक्त झोप आणते. मंगलाष्टकांत पाचव्या कडव्याला वहिनीची मान कलली आणि अक्षता मुठीतच राहिल्या. मावशींनी पाहिलं. पण कोणीतरी म्हणालं, ‘रात्रभर त्या उंदराने डोळ्याला डोळा लागू दिला नाही हो.’ नसलेल्या उंदराने घरातल्या माणसांपेक्षा जास्त मदत केली.

माझी काळजी वेगळी होती. मळमळ ही मळमळ असते तोवर ठीक. पाणीसुद्धा पोटात ठरेना, लघवी आठ-आठ तास होईना किंवा गडद होऊ लागली, तर मग लाह्यांचं काम नाही, दवाखाना आणि सलाइन. पण दिराने वहिनीला हे विचारायचं कसं? आम्ही दादामार्फत सांकेतिक भाषा ठरवली. मी दर तीन तासांनी विचारायचं, ‘लाइट बिल भरलं का?’ दादा चौकशी करून येऊन सांगायचा, ‘भरलं, दोनदा.’ व्याह्यांना वाटलं, या माणसांच्या घरात काहीतरी थकबाकीचं प्रकरण आहे.

लाजाहोमाचा धूर तिने खांबाआड उभं राहून टाळला. आता उरली पंगत. बुफेत माणूस ताट घेऊन हिंडतो आणि कोणी काय खाल्लं हे देवालाही कळत नाही. पंगतीत मात्र ताटाला साक्षीदार असतात. समोर मसालेभात, त्यावर तूप, अळूचं फदफदं, आणि जिलेबीचं ताट घेऊन आग्रह करणारे काका. वहिनीने हुकमी पान टाकलं. ‘गुरुवार आहे माझा.’

ती चूक होती. महाराष्ट्रात उपास म्हणजे न जेवणं, हा गैरसमज फक्त न करणाऱ्यांचा. आत्या आत ओरडली, ‘अगं, हिचं उपासाचं करा!’ दहा मिनिटांत साबुदाण्याची खिचडी आली, वर तुपाची धार. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, तळलेल्या पापड्या. साधं ताट नाकारून तिने तुपाचं ताट ओढवून घेतलं होतं. आणि शेवटी मावशींनी स्वतःच्या हाताने फळांची बशी आणून ठेवली. केळं, चिकू, आणि मधोमध पपईच्या फोडी. बशी ठेवून त्या समोर बसल्या.

इथे थोडं थांबायला हवं. मावशींची सगळी विद्या या पपईत आहे. पपई गरम, त्या दिवसांत वर्ज्य, हे आपल्याकडे प्रत्येक बाईला माहेरहून मिळतं. जिला लपवायचंय ती पपईला हात लावणार नाही, नजर मात्र एकदा तिकडे जाईल. खरं सांगायचं तर चीक असतो तो कच्च्या पपईत, काळजी त्याची. पूर्ण पिकलेल्या पपईच्या दोन फोडींना कोणी घाबरायचं कारण नाही, आणि वहिनीने हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं. शिवाय पपई गार होती. गार पदार्थाला वास कमी, म्हणून या दिवसांत तोच पोटात टिकतो.

वहिनीने एक फोड उचलली. मावशींच्या डोळ्यांत बघत खाल्ली. मग दुसरी. ‘छान गोड आहे हो मावशी,’ म्हणाली. मावशींच्या चेहऱ्यावरून तिचं नाव पुसलं गेलं, ते मी पाचव्या खुर्चीवरून पाहिलं.

पण विद्या वाया जात नसते. बशी पुढे सरकली आणि इचलकरंजीच्या वहिनींनी ती न बघता ढकलली. या आमच्या चुलत वहिनी, वय ४३, मुलगा दहावीला. त्यांना पपईचा वास लहानपणापासून आवडत नाही, एवढंच. मावशी मात्र सरसावून बसल्या. त्यानंतर इचलकरंजीच्या वहिनींनी नऊ जिलेब्या खाल्ल्या, वर तीन पेले मठ्ठा, आणि उन्हात उभं राहून फोटो काढले. साडेतीनला जनरेटरच्या मागे जाऊन त्यांनी सगळं परत केलं. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन तिथे आधीच उभ्या होत्या.

चार वाजेपर्यंत हॉलभर झालं. त्यांच्या नवऱ्याचा हात तीन जणांनी धरून हलवला. तो प्रत्येकाला ‘कशाबद्दल?’ विचारत होता आणि प्रत्येक जण ‘वा!’ म्हणून हसत होता. मुलगा मोबाइल बंद करून भिंतीकडे बघत बसला. इचलकरंजीच्या वहिनी ‘अहो, जिलेबी होती ती!’ असं ओरडून सांगत होत्या, पण पहिल्या दिवसांत नाही म्हणायचंच असतं, हेही सगळ्यांना ठाऊक. निघताना मावशींनी त्यांच्या ओटीत नारळ घातला. माझी वहिनी रांगेत तिसरी होती. तिने पुढे होऊन हळद-कुंकू लावलं आणि गंभीरपणे सांगितलं, ‘वहिनी, सकाळी उठल्याबरोबर काहीतरी कोरडं खात जा.’

कराडच्या अलीकडे गाडी थांबवायला लागली. आधी वाटलं मळमळ, पण ती हसत होती, आणि हसता हसता मग तेही झालं. दादाने बिल भरल्याचं कळवलं.

आठवड्याने दुकानात फोन आला. इचलकरंजीहून. आवाज अगदी हळू.

‘भाऊजी, ते तपासायचं किट असतं ना, ते पाठवाल का? तसं काही नाही हो. पण मावशी आजवर कधी चुकल्या नाहीत म्हणतात.’

मी पाठवलं. एकच रेघ आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक मागवलं.