वाढदिवसाच्या पत्रिकेवर सिंह चिकटवण्याची शास्त्रोक्त पद्धत

पहिल्या वाढदिवसाच्या निमंत्रणात बाळाचा फोटो लागतो, तो केवळ स्टिकर कुठेतरी चिकटवायला हवेत म्हणून. हे तत्त्व मान्य असणाऱ्यांनीच पुढे वाचावे.

१. सिंहाची उंची ठरवणे. ५ × ७ इंची पत्रिका चांगली छापायची तर कॅनव्हास १५०० × २१०० पिक्सेलचा घ्यावा, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल. आता व्हॉट्सअ‍ॅपवरून मिळवलेला सिंह असतो ५१२ पिक्सेलचा. छापल्यावर तो जेमतेम सव्वाचार सेंटीमीटर भरेल. आत्याबाईंना तो बाळाएवढा हवा असतो. ओढून मोठा केलात की मधले पिक्सेल संगणक अंदाजाने भरतो आणि आयाळ धुक्यात जाते. आत्याबाईंना नाही म्हणवत नसेल, तर एसव्हीजी फाइलमधला सिंह शोधावा. तो रेषांच्या गणितावर बनलेला असल्याने हव्या त्या मापात कोरा करकरीत उघडतो.

२. पांढरी किनार काढणे. पांढऱ्या कागदावरून कापलेल्या सिंहाभोवती एक फिकट रेघ उरते. गडद पडद्यासमोर ती लगेच चुगली करते. गिंपमध्ये लेयरवर `Alpha to Selection`, मग `Select > Shrink` मध्ये १ पिक्सेल, पुढे `Select > Invert` आणि Delete. तरीही रेघ हटली नाही, तर तिच्याभोवती आठ-दहा पिक्सेलची जाड पांढरी किनार स्वतःच काढावी. चूक ठळक केली की तिला डिझाइन म्हणतात.

३. ताईची चित्रकला. मोठ्या बहिणीने बाळाला मुकुट काढायचाच असतो. तिला काळे स्केचपेन आणि पांढरा कागद द्यावा, फोन देऊ नये. कागद ६०० डीपीआयला स्कॅन करून `Levels` मध्ये करडा कागद पूर्ण पांढरा करावा आणि लेयरचा मोड `Multiply` ठेवावा. पांढरे नाहीसे होते, रेघ उरते. कात्री लागतच नाही. मात्र काळ्याभोर जावळावर काळा मुकुटही नाहीसा होतो. म्हणून तो डोक्याच्या वर, फिक्या भिंतीवर तरंगता ठेवावा. राज्याभिषेक व्हायचाच आहे, असे समजावे.

४. तपासणी आणि रवानगी. कडा १०० टक्के झूमवर पाहाव्यात. आक्रसलेल्या चित्रात सगळेच सुबक दिसते. फाइल पीएनजीत काढावी. जेपीईजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन करून दाबते, त्यामुळे काळ्या रेघेभोवती मुंग्या फिरल्यासारखे ठिपके उठतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले तरी हेच होते. तिथे Document म्हणून पाठवावे.

एवढे करून मामा स्क्रीनशॉट काढून पुढे ढकलणारच. म्हणून हॉलचा पत्ता वेगळा टाइप करून पाठवावा. सिंहाच्या शेपटीखाली गेलेला मजला क्रमांक कितीही रेखीव कडांतून वाचता येत नाही.