पट्टी सरकली तरी चालेल

लग्नात मंगलाष्टका म्हणायला माणसं 'नको नको' म्हणत माईक हातात घेतात. पहिलं कडवं मुलीची आत्या म्हणते, आपल्या गळ्याला झेपेल अशा पट्टीत. दुसरं मुलाचे काका उचलतात, ते थेट चार सूर खाली. तिसरं असतं मावशीचं. तिने घरी सराव केलेला असतो, त्यामुळे ती सुरुवातच इतकी वर करते की 'सावधान' येईपर्यंत मांडवातल्या सगळ्यांना खरोखरच सावध व्हावं लागतं. पण एवढ्या ओढाताणीत चाल बदलली असं कुणालाच वाटत नाही. कारण बदलते ती पट्टी. एका सुरापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर तेच राहतं. ही अंतरं ओळखणाऱ्या कानाला सापेक्ष स्वरज्ञान म्हणतात, आणि तो अक्षता टाकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे थोडाफार असतो.

दुसऱ्या जातीचा कान माझ्या भाच्याकडे आहे. तो वाढला न्यू जर्सीत, चौथ्या वर्षापासून पियानो शिकला. सुट्टीत आमच्याकडे आला तेव्हा पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला आणि फ्रिजसमोर थबकला. म्हणाला, "मामा, तुमचा फ्रिज जीच्या किंचित वर गुणगुणतोय. आमचा बी फ्लॅट आणि बीच्या मधोमध असतो." मी आधी हसलो, मग हिशेब केला. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, अमेरिकेतली 60, आणि यंत्राची घरघर साधारण त्याच्या दुप्पट असते : इथे 100, तिथे 120. जी, म्हणजे आपल्या पेटीतली पांढरी पाच, 98वर येते. पोराने फ्रिज उघडता उघडता दोन देशांचा वीजपुरवठा तपासला होता.

आजूबाजूला दुसरा कुठलाही सूर नसताना कानावर पडलेला सूर नावानिशी सांगता येणं, हे निरपेक्ष स्वरज्ञान. लोक त्याला परफेक्ट पिच म्हणतात आणि ते आपल्याला नाही म्हणून खंत करतात. ती खंत करण्याआधी भाच्याला आमच्या स्केल चेंजर पेटीवर बसवून बघावं. खटका ओढून मी पट्ट्यांची फळी एक घर सरकवली. आता बोट पांढरी एकवर आणि आवाज काळी एकचा. त्याने दोन ओळी वाजवल्या आणि कुणी दुसऱ्याचा चष्मा घातल्यासारखा चेहरा करून उठला. मी मात्र त्याच पेटीवर निर्धास्त बसलो. माझ्या कानाला नावंच ठाऊक नाहीत, तर ती चुकणार कशी?

तरीही प्रश्न उरतोच : भाच्यासारखा कान मोठेपणी मिळवता येतो का? ज्यांच्याकडे तो असतो, त्यांनी बहुतेक सहा-सात वर्षांच्या आत संगीत शिकायला सुरुवात केलेली असते. पण पॉल ब्रॅडी नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने हे ऐकून हात टेकले नाहीत. त्याने मोठेपणी स्वतःवरच प्रयोग केला आणि 1970 साली तो छापला. युक्ती साधी होती. बारा सूर एकदम घोकायचे नाहीत, एकच पक्का करायचा : सी, म्हणजे पांढरी एक. त्याने टेपवर सुटे सूर भरले. सुरुवातीला त्यांत सी वारंवार यायचा, मग हळूहळू त्याचं प्रमाण कमी होत गेलं, आणि गर्दीतून सी वेचायचं काम तेवढं कानाचं.

मग परीक्षा. रोज सकाळी उठल्यावर, दुसरं काही संगीत कानावर पडण्याआधी, बायकोने पियानोची मनाला येईल ती पट्टी दाबायची आणि नवऱ्याने नाव सांगायचं. असे 57 दिवस. 37 दिवशी उत्तर बरोबर, 18 दिवशी अर्ध्या सुराने चूक, दोन दिवशी पूर्ण सुराने. नुसती ठोकून दिली असती तर पाचेक बरोबर आली असती, म्हणजे गडी पास. हे मी घरी कौतुकाने सांगितलं. ही म्हणाली, "बाईच्या सत्तावन्न सकाळी गेल्या आणि छापून आलं कुणाचं?"

पण निकालात एक मेख आहे. ब्रॅडीने स्वतःच लिहिलं की त्याच्या मनात सीची सप्तक-शिडी कायमची उभी राहिली होती आणि आलेला प्रत्येक सूर तो तिच्यावर बघत होता. म्हणजे एक खुंटी पाठ, आणि पुढची मोजणी आपल्या मंगलाष्टकांचीच! शिवाय त्या अठरा चुका बघा. नाव सांगण्यात अर्धा सूर म्हणजे 'थोडक्यात हुकलं'. गाण्यात अर्ध्या सुराने तीव्र मध्यम शुद्ध होतो आणि यमन म्हणून बसलेला माणूस बिलावल गाऊन उठतो. असला कान घेऊन मैफलीत जाता येणार नाही.

गायला लागणारा भरवशाचा कान निराळा, आणि तो पन्नाशीतही घडतो, असं आमच्या क्लासच्या बाईंचं म्हणणं आहे. त्या कुणाला सुराचं नाव विचारतच नाहीत. तंबोरा काळी एकला लावतात आणि म्हणतात, "सा लावा आणि लाटा ऐका." तंबोऱ्याचा सा सेकंदाला साधारण 139 कंपनांचा. माझा गळा 141वर गेला, तर दोन आवाज एकमेकांवर चढून सेकंदाला दोनदा हेलकावतात. गळा खाली आणला की हेलकावे संथ होतात, आणि सूर मिळाला की थांबतात. यात प्रतिभेचा प्रश्न येत नाही, लहानपणाचाही नाही. लाट मोजायला वयाची अट नसते.

खरी परीक्षा पुढे. बाई तंबोरा बंद करतात. मनात सा धरून गंधार म्हणायचा, चार ओळी गायच्या, साला परत यायचं, आणि मग त्या तंबोरा सुरू करतात. पहिल्या महिन्यात आमच्या बॅचचा सा बहुधा तळघरात सापडायचा. बँकेतून निवृत्त झालेले एक काका तर पंचमावर उतरून तोच सा समजत. तो तंबोऱ्याशी इतका गोड जुळतो की बिचाऱ्यांना शंकाही येत नसे. मी मोबाइलवर ट्यूनर लावून बसलो तेव्हा बाईंनी तो उलटा ठेवला. "काटा बघून सूर लावाल तर डोळे तयार होतील," म्हणाल्या. आता चार ओळींनंतरचा आमचा सा तंबोऱ्यापाशी, फार तर पायरीवर सापडतो. भरवसा म्हणायचा तो याला : आधार काढून घेतल्यावर किती घसरलो, हे मोजता येणं.

राहता राहिला भाच्याचा हेवा. तोही उतारवयापर्यंतच करावा. निरपेक्ष कानाच्या बऱ्याच लोकांना वय वाढलं की सूर आहे त्याहून वर ऐकू येऊ लागतात. स्वियातोस्लाव्ह रिख्तर या थोर रशियन पियानोवादकाचं उतारवयात हेच झालं : बोट एका सुरावर आणि कानात त्याच्या वरचा दुसराच. आयुष्यभर पाठ असलेली रचना भलत्या पट्टीत ऐकत वाजवायची म्हणजे छळच. आमचा कानही म्हातारपणी वर सरकेल, पण सरकताना सा, ग, प सगळ्यांना बरोबर घेऊन सरकेल आणि आम्हाला त्याचा पत्ताही लागणार नाही. गुडघे, दात आणि रक्तदाब यांच्या यादीत निदान एक तक्रार कमी.