हुकूम कोणाचा?

नानांच्या ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली तर फडक्याला हात लावू नये. लावलात तर आतल्या खोलीतून आवाज येतो, "पुसू नका! कुठून कुठे चालली आहे ते आधी बघू." पाठोपाठ नाना येतात. चष्मा कपाळावर, हातात भिंग, आणि तोंडावर डोहाळजेवणाला आलेल्या आत्याचा उत्साह.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेली माणसं ज्येष्ठ नागरिक संघात जातात, हास्यक्लबात जातात, नाहीतर शेअर बाजारात पैसे घालवतात. नानांनी मुंग्या घेतल्या. खिशात एक छोटी बॅटरी आणि साखरेची पुडी कायम असते. साखर पुण्यासाठी नाही, प्रयोगासाठी आहे, हा खुलासा ते न विचारता करतात. बागेत एका बाईंनी "किती हो धार्मिक तुम्ही" म्हटलं, तेव्हा त्यांना झोंबलं होतं.

त्यांचा ठरलेला प्रश्न एकच. पाहुणा असो, गॅस सिलिंडरवाला असो, नव्याने घरात आलेला जावई असो, नाना रांगेकडे बोट दाखवून विचारतात, "एवढी शिस्त! हुकूम कोणाचा?" समोरचा "राणीचा" म्हणतो. सगळेच म्हणतात. मग नाना खुर्ची पुढे ओढतात, आणि तासाभराची निश्चिंती होते.

"राणी काय सांगणार? ती भिंतीच्या आत, अंधारात. तिला ओटा माहीत नाही, लाडू माहीत नाही. बघ इकडे."

बघावं लागतंच. ओट्याच्या कोपऱ्यात बेसनाच्या लाडवाचा एक कण असतो. त्याच्याशी एक पिवळसर मुंगी, जेमतेम दोन मिलिमीटर लांब. हिचं नाव फराओ मुंगी, आणि ते उच्चारताना नाना थोडे ताठ बसतात. येताना ती इकडे तिकडे भरकटत आली होती. आता परत निघालीय ती संथ, पोटाचं टोक फरशीला टेकवत. नाना बॅटरीचा उजेड आडवा धरतात. "दिसतंय? नांगी टेकवतेय. नांगीच्या मुळाशी दुफूर नावाची ग्रंथी असते, तिच्यातून वास सोडत चाललीय." मला काही दिसत नाही, पण मी दिसल्याचा हुंकार देतो.

तो वास म्हणजे रस्ता. वारुळातली दुसरी मुंगी मिशांनी तो हुंगत निघते, लाडवाशी पोचते, आणि परतताना स्वतःच्या वासाची भर घालते. तिसरी येते, चौथी येते. वास वाढत जातो तशा मुंग्या वाढतात, आणि मुंग्या वाढतात तसा वास. लाडू संपला की रिकाम्या तोंडाने परतणारी मुंगी भर घालत नाही. जुना वास उडून जातो आणि रस्ता मोडतो. कोणी "आता पुरे" म्हणावं लागत नाही. नानांना सगळ्यात आवडतं ते हे उडून जाणं. "वास टिकून राहिला असता तर गेल्या दिवाळीच्या लाडवासाठी आजही रांग लागली असती," ते म्हणतात. फराओ मुंगी तर याच्यापुढे जाते. ज्या फाट्यावर काही मिळालं नाही तिथे ती 'इकडे येऊ नका' असाही वास लावते. इंग्लंडात शेफील्डच्या संशोधकांनी 2005 साली हे दाखवून दिलं, आणि तेव्हापासून नाना आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या पाट्यांबद्दल तुच्छतेने बोलतात.

मग प्रात्यक्षिक. नाना अंगठा ओला करून रांगेवर आडवा फिरवतात. चार बोटं जागा पुसली जाते. दोन्हीकडच्या मुंग्या कडेशी येऊन थांबतात, मिशा हलवतात, मागे वळतात, एकमेकींवर आदळतात. कोणी पुढारी धावून येत नाही. बऱ्याच वेळाने एखादी भलतीकडूनच वाट काढत पलीकडे पोचते. तिच्या मागून दुसरी येते. थोड्या वेळाने रांग पुन्हा सुरू, फक्त तिथे आता एक बाक आहे. "हा बाक बघ!" नाना म्हणतात. "सरळ जाता येतं, तरी वळसा!" नानी तोवर लाडवाचा डबा पाण्याच्या परातीत ठेवून मोकळ्या झालेल्या असतात.

या वळशापायी नाना एकदा फार रंगले होते. 1989 साली ब्रुसेल्सच्या संशोधकांनी अर्जेंटिनी मुंग्यांचं घर आणि खाणं यांच्यामध्ये दोन फाट्यांचा पूल ठेवला. एक फाटा आखूड, दुसरा त्याच्या दुप्पट लांब. सुरुवातीला मुंग्या दोन्हीकडून गेल्या. आखूड फाट्यावरच्या लवकर जाऊन लवकर परतल्या, त्यामुळे तिथे वास आधी साचला, आणि थोड्याच वेळात बहुतेक सगळी वाहतूक तिकडे वळली. एकाही मुंगीने दोन फाटे मापून पाहिले नव्हते. पण संशोधकांनी दुसऱ्या वेळी आधी फक्त लांबचा फाटा दिला आणि आखूड फाटा अर्ध्या तासाने जोडला, तेव्हा मुंग्या बहुतेक लांबूनच जात राहिल्या. तिकडे वास इतका साचला होता की नव्या वाटेला कोणी भीकच घालेना. हा दुसरा भाग सांगताना नानांचा आवाज चढतो. पाटबंधारे खात्यात त्यांनी असे कालवे पाहिले असावेत.

नानांनी हा प्रयोग घरी केला. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे पूल कापले, खाली वाट्या, वाट्यांत पाणी, पलीकडे मध. दुपारभर घरात पंखा बंद. मुंग्यांनी दोन्ही पूल नाकारले आणि टीव्हीच्या वायरवरून उतरून मध गाठला. "हाही निष्कर्षच आहे," नाना म्हणाले. वहीत तसं लिहिलेलं आहे.

कामाची वाटणी हा त्यांचा दुसरा विषय, आणि इथे नानी तयारीत असतात. रांगेतल्या सगळ्या माद्या, सगळ्या एकाच आईच्या नाहीतर मावश्यांच्या मुली, आणि स्वतः वांझ. तरण्या मुंग्या आत राहून अंडी-अळ्या सांभाळतात. वय वाढलं की दाराकडे सरकतात, आणि शेवटी अन्न शोधायला बाहेर पडतात, कारण बाहेर मरण स्वस्त आहे आणि ज्यांचं थोडंच उरलंय त्यांनी जाणं वसाहतीला परवडतं. "म्हणजे ओट्यावर दिसतात त्या सगळ्या म्हाताऱ्या," नाना कौतुकाने म्हणतात. "मग पिशवी घ्या आणि कोथिंबीर आणा," नानी म्हणतात. नाना जातात. वाटेत कट्ट्यापाशी बसतात, आणि कोथिंबीर स्वयंपाक झाल्यावर येते.

सैनिक बघायचे तर जिन्याखाली जावं लागतं. तिथे कबुतरांनी सांडलेल्या ज्वारीवर दुसऱ्या जातीच्या मुंग्या असतात. या फायडोल. बारक्या कामकऱ्यांच्या गर्दीत मधूनच एखादी भल्या थोरल्या डोक्याची. डोकं असं की चालताना पुढे झुकल्यासारखं वाटावं. "बुद्धी नाही ती," नाना बजावतात, "जबड्याचे स्नायू आहेत." दाणे फोडायचे आणि वेळ आली तर शत्रूचे पाय तोडायचे, एवढंच तिचं काम. एरवी स्वस्थ बसून असते. अळी असताना मिळालेल्या खुराकावर बरंचसं ठरतं की ही बारकी होणार की डोकेवाली.

पण नानांचा लाडका किस्सा पुढचा आहे. एडवर्ड विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने फायडोलच्या वसाहतीतून बारक्या कामकरी काढून घेतल्या आणि डोकेवाल्यांचं प्रमाण वाढवत नेलं. 1984 साली त्याने लिहिलं ते असं, की बारक्या पुरेशा कमी झाल्या तेव्हा तासाभरात या पैलवानिणी अळ्या उचलू, चाटू लागल्या. बारक्या पुन्हा सोडल्या की परत आपल्या जागी. एरवी त्या बाळंत-कोपऱ्यात बारकीशी गाठ पडली की स्वतःच बाजूला होतात, म्हणून हे काम त्यांच्या वाट्याला येत नाही. बारकी दिसेनाशी झाली की टळायचं कारणच उरत नाही. "सैनिक म्हणून जन्मली, तरी पाळणा हलवता येतो," नाना म्हणतात, आणि हे सहसा जावयासमोर म्हणतात.

राणीही नानांनी पाळलीय. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी जिन्यातल्या दिव्याखाली एक पंखवाली काळी मुंगळीण सापडली. परीक्षानळीत तळाला पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, आणि वर लाल कागदाची गुंडाळी. तिचे पंख गळून पडले. तिला खायला काही द्यायचं नाही असा नियम, आणि नानींना तो अमानुष वाटला. पण राणीच्या अंगात उडण्याचे स्नायू असतात, आता त्यांचा उपयोग संपलेला. ते विरघळवून त्यावर ती पहिल्या अळ्या पोसते. गणपतीच्या सुमारास नळीत चार-पाच कामकरी हिंडू लागल्या. उपासमारीत वाढलेल्या, म्हणून अगदी किरट्या. त्यांनी आल्या आल्या सगळी कामं उचलली, आणि राणीने त्यानंतर अंडी घालण्यापलीकडे काही केलं नाही. फलित अंड्यातून मुली, अफलित अंड्यातून मुलगे. मुलगे एका उड्डाणापुरते जन्मतात आणि मरतात. या वाक्यानंतर नाना थोडा वेळ गप्प असतात, मग चहा मागतात.

नानांची खरी कसोटी लागली ती खालच्या मजल्यावरच्या वहिनींमुळे. त्यांनी त्याच पिवळ्या मुंग्यांवर फवारा मारला. सायंकाळी सगळं स्वच्छ. मग काही दिवसांत मुंग्या न्हाणीघरातल्या स्विचच्या बटणातून, देवघरातून आणि फ्रीजमागून, अशा तीन ठिकाणांहून निघाल्या. वहिनी रडकुंडीला आल्या. नाना मात्र उजळले.

"फवारा मारायचा नाही हो हिला! या जातीच्या घरट्यात एक राणी नसते, अनेक असतात. धोका वाटला की थोड्या कामकरी अळ्या तोंडात धरून, एखादी राणी घेऊन, वेगळं बिऱ्हाड करतात. तुमचं एक होतं, आता तीन झाली. आणि तुम्ही मारल्या त्या नुसत्या बाहेरच्या. घरट्यातल्या बहुतेक बाहेर येतच नाहीत."

उपायही नानांनाच ठाऊक होता. कॅरमबोर्डावर टाकतात ती बोरिक पावडर. साखरेच्या पाण्यात शंभराला एक भाग, जास्त अजिबात नको. कडक केलं तर मुंगी तिथेच मरते, नाहीतर तोंडच लावत नाही. ती जगली पाहिजे, घरी पोचली पाहिजे, तोंडातून तोंडात दुसरीला भरवलं पाहिजे. तेव्हा ते अळ्यांपर्यंत, राणीपर्यंत जातं. काही आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस रांग पुसायची नाही, कारण त्याच रांगेवरून औषध आत जातं. कापसाचे बोळे भिजवून लहान मुलांचा हात पोचणार नाही असे ठेवायचे.

सांगून झाल्यावर नानांचा चेहरा पडला. आपण काय सांगून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी वहिनींना पावडर मोजून दिली, पण रविवारपर्यंत लावू नये अशी विनंती केली. त्यांना तिन्ही बिऱ्हाडांच्या वाटांचा नकाशा काढायचा होता. वहिनी भिडेला बळी पडल्या. त्या रविवारपर्यंत नाना रोज सकाळी खालच्या न्हाणीघरात पाट टाकून, भिंग धरून बसत, आणि त्या घरातल्या माणसांना आंघोळीची वेळ नानांकडून मागून घ्यावी लागे.