ग्रुपवर पूर, टाकीत सात फूट

पुण्यात गुरुवार हा दत्ताचा वार, आणि पाणी बंद ठेवण्याचाही वार. महापालिकेच्या निवेदनाचा साचा वर्षानुवर्षं ठरलेला आहे. विद्युत, पंपिंग आणि स्थापत्यविषयक देखभाल-दुरुस्तीची तातडीची कामं. त्यापायी अमुक जलकेंद्राचा पुरवठा गुरुवारी बंद. शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येण्याची शक्यता. खाली भागांची लांबलचक यादी आणि शेवटी सहकार्याची विनंती. यात घाबरण्यासारखं काही नसतं. घबराट हे सोसायटीचं घरगुती उत्पादन आहे, आणि ते व्हॉट्सॲप ग्रुपवर तयार होतं.

ही हकिकत सिंहगड रस्त्यालगतच्या, वडगाव जलकेंद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या एका सोसायटीची. तीन विंग, ७२ सदनिका. इथे माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. ‘तीनशे दोनवाले काका’ किंवा ‘पाचशे एकच्या मॅडम’ एवढ्यावर दहा-दहा वर्षांचे शेजार निभावलेले आहेत.

बुधवारी रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी सेक्रेटरींनी ग्रुपवर नोटीस टाकली. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, उद्या पाणी येणार नाही. पाणी जपून वापरावे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. हुकुमावरून.’ आधी तीन लाल दिवे, नंतर तीन लाल दिवे आणि मधला मजकूर ठळक. हुकूम कोणाचा, हे सेक्रेटरींनाही ठाऊक नसावं. पण बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला त्याशिवाय नोटीस पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

नोटिशीत खोटं काहीच नव्हतं. फक्त तारीख नव्हती. त्यामुळे ज्यांनी ती गुरुवारी सकाळी उघडली, त्यांनी ‘उद्या’ म्हणजे शुक्रवार धरला आणि निवांतपणे गाडी धुवायला काढली. ‘ए’ विंगमधल्या एकांनी ती नोटीस मामेभावाच्या ग्रुपवर ढकलली. तिथून ती पुढे गेली, आणि महिन्याभराने कोथरूडमार्गे फिरून परत याच सोसायटीत आली. तेव्हाही लोकांनी बादल्या भरल्याच. तारीख नसलेली नोटीस कधीच शिळी होत नाही.

दुसरी उणीव याहून मोठी होती. ‘पाणी येणार नाही’ म्हणजे कुठे येणार नाही? महापालिकेचं पाणी येतं ते सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत. तिथून पंप ते गच्चीवरच्या टाक्यांत चढवतो, आणि घरच्या नळाला येतं ते गच्चीवरचं. गुरुवारी बंद असणार होता तो फक्त पहिला टप्पा. पण ७२ घरांनी नोटीस वाचली ती ‘आपला नळ कोरडा पडणार’ अशी. प्रत्यक्षात नळ कोरडा पडायचं काही कारणच नव्हतं, हे एका माणसाला माहीत होतं. तो माणूस ग्रुपवर नव्हता, कारण तो वॉचमन होता.

वॉचमनकाकांकडे एक बांबू आहे. त्यावर फुटाफुटावर ऑइलपेंटच्या खुणा आहेत. रोज रात्री नऊला ते टाकीचं झाकण सरकवतात, बांबू आत सोडतात, बाहेर काढून ओली खूण बघतात आणि वहीत आकडा लिहितात. जमिनीखालची टाकी पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर खोल; म्हणजे भरली की ६०,००० लिटर आणि एका फुटाला साधारण ६,००० लिटर. बुधवारी रात्री नऊला वहीत आकडा पडला सात फूट. तळचा एक फूट धरायचा नाही, तिथे गाळ असतो आणि पंपाचा फूट व्हॉल्व्हही त्याच्या वर असतो. उरले सहा फूट, म्हणजे ३६,००० लिटर. गच्चीवर प्रत्येक विंगची १५,००० लिटरची टाकी भरलेली. सगळं मिळून ८१,००० लिटर.

आता खर्च. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. घरटी चार माणसं धरली, तर ७२ घरांना दिवसाला लागतात सुमारे ३९,०००. गुरुवार आणि शुक्रवार मिळून ७८,०००. म्हणजे महापालिकेने शुक्रवारीही दिवसभर पाणी सोडलं नसतं, तरी कोणाची आंघोळ चुकली नसती. हा हिशेब वॉचमनच्या वहीत होता. ग्रुपवर होते लाल दिवे.

सव्वादहाला इमारतीचा आवाज बदलला. प्रत्येक घरात बादल्या, पातेली, कुकर, पाण्याचा जुना ड्रम, बाळाचा टब, असं जे जे खोलगट होतं ते नळाखाली गेलं. घरटी सरासरी अडीचशे लिटर धरले तरी १८,००० लिटर दीड-दोन तासांत टाक्यांतून निघून स्वयंपाकघरांत जाऊन बसले. गच्चीवरची पातळी उतरली तसा पंप आपोआप सुरू झाला आणि खालचं पाणी वर फेकू लागला. अकराला वॉचमनकाकांनी पुन्हा बांबू सोडला. चार फूट. त्यांनी झाकण उघडंच ठेवून वर सातही मजल्यांकडे पाहिलं. सगळ्या न्हाणीघरांचे दिवे लागलेले होते.

ग्रुपवर तोवर ६४ मेसेज झाले होते. ‘नक्की का?’ ‘आमच्याकडे तर येतंय.’ ‘टँकर मागवला का?’ ‘गेल्या कमिटीच्या वेळी असं होत नव्हतं.’ मध्येच कोणीतरी शुभरात्रीचं गुलाबाचं चित्र टाकलं. ‘बी’ विंगच्या ५०१ने अग्निशमनाची राखीव टाकी वापरायची सूचना केली, कारण आग काही गुरुवारीच लागेल असं नाही. तिला अनुमोदनही मिळालं. आग आणि पाणी दोघांनी वेळापत्रक पाळावं, अशी या सोसायटीची माफक अपेक्षा आहे.

सव्वाअकराला खजिनदारबाईंनी वॉचमनकाकांना फोन करून वहीतला आकडा विचारला आणि दुसरी नोटीस लिहिली. ती अशी:

‘गुरुवारी महापालिकेचं पाणी आपल्या खालच्या टाकीत येणार नाही. शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने येईल. आत्ता टाक्यांत आणि घरांत मिळून दोन दिवसांचं पाणी आहे. नळ बंद होणार नाहीत. भरून ठेवलेलं पाणी आधी वापरा, ओतून देऊ नका. गाड्या, गच्ची आणि कुंड्या शनिवारपर्यंत राहू द्या. शुक्रवारी पिण्याचं पाणी उकळून घ्या. टाकीची पातळी गुरुवारी रात्री नऊला कळवते.’ वर वार, तारीख आणि वेळ. लाल दिवा एकही नाही.

नोटीस शांत होती, म्हणून कोणी मनावर घेतली नाही. एकाने अंगठा दाखवला. ३०२वाल्या काकांनी विचारलं, ‘ताई, म्हणजे उद्या पाणी येणार की नाही? एका शब्दात सांगा.’ बाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी तोच मजकूर कागदावर छापला आणि आपल्या ‘सी’ विंगच्या लिफ्टमध्ये आरशाच्या मधोमध चिकटवला. ग्रुपवरची नोटीस बोटाने वर सरकवता येते. लिफ्टमधली नोटीस सहा मजले समोरून हलत नाही.

गुरुवारी ‘ए’ आणि ‘बी’ विंगने पाणी जपून वापरलं, म्हणजे घरात भरलेलं जपलं आणि नळाचं वापरलं. ‘आहे तोवर नळाचं घ्या, भरलेलं अडीअडचणीला राहू दे’ हा सल्ला सासूबाईंपासून नोकरदार सुनेपर्यंत सगळ्यांनी एकमताने पाळला; घरात एरवी इतकं एकमत होत नाही. ‘सी’ विंगने लिफ्टमध्ये वाचल्याप्रमाणे बादल्या आधी रिकाम्या केल्या. रात्री नऊला बांबूवर एकच फूट ओला निघाला, आणि तो धरायचा नसतो. शुक्रवारी सकाळी ‘ए’ आणि ‘बी’च्या गच्चीवर साडेसात-साडेसात हजार लिटर उरले होते, ‘सी’ची टाकी भरलेली होती.

साडेदहाला ‘ए’ आणि ‘बी’चे नळ फुसफुसले. लोकांनी ते सोडून पाहिले, काही येत नाही म्हणून तसेच सोडले आणि ऑफिसला गेले. ग्रुपवर ‘सी’ विंगने व्हॉल्व्ह फिरवून पाणी चोरल्याचा आरोप झाला. पुराव्यादाखल ‘सी’ विंगच्या एका बाल्कनीतल्या ओल्या टॉवेलचा फोटो टाकण्यात आला. दहा हजार लिटरचा टँकर मागवला गेला. तो एकला आला, आणि तासाभराने महापालिकेचं पाणीही आलं.

पाणी उशिरा आणि कमी दाबाने येतं, त्याला कारण आहे. दुरुस्तीच्या दिवशी मोठ्या जलवाहिन्या आणि वाटेतल्या टाक्या रित्या होतात. पंपिंग सुरू झाल्यावर आधी त्या भरतात, आतली हवा एअर व्हॉल्व्हमधून बाहेर पडते, सखल भागातले लोक अधाशासारखं ओढून घेतात आणि मग उंचावरच्या व टोकाच्या सोसायट्यांचा नंबर लागतो. त्यात पहिलं पाणी गढूळ असतं, कारण रिकाम्या नळातला गंज आणि गाळ सुटतो. कुठे गळती असेल, तर रिती वाहिनी आजूबाजूचं घाण पाणीही आत खेचते. म्हणून वॉचमनकाकांनी टाकीत येणाऱ्या पाण्याचा पाइप आधी बागेकडे वळवला. शिट्टी वाजवत हवा निघाली, मग चहाच्या रंगाचं पाणी आलं, पंधरा मिनिटांनी ते निवळलं. तेव्हाच त्यांनी ते टाकीत सोडलं. बंद ठेवलेल्या पंपाला त्यांनी त्यानंतरही तासभर हात लावला नाही. या पंधरा मिनिटांचा व्हिडिओ ‘बागेला पाणी, माणसं तहानलेली’ या मथळ्याखाली ग्रुपवर पोचला.

पंप सुरू झाला आणि ‘ए’ व ‘बी’मधले सकाळी उघडे राहिलेले नळ बंद दारांआड वाहू लागले. चार वाजता ‘ए’ २०४च्या दाराखालून पाणी जिन्यात आलं. संध्याकाळी माणसं घरी परतली, नळाला जोर आहे हे पाहिलं, आणि दोन दिवस जिवापाड जपलेल्या पिंप-बादल्या मोरीत उपड्या केल्या. शिळं पाणी कोण वापरणार? गच्चीवरच्या टाकीतलं पाणीही कालचंच असतं, पण ते दिसत नाही.

रविवारच्या कमिटी सभेत पाणीटंचाईचा आढावा झाला. टँकरचा खर्च ‘सी’ विंगनेही वाटून घ्यावा, असा ठराव दोन विंगांच्या बहुमताने मंजूर झाला. खजिनदारबाईंनी रोजचा बांबूचा आकडा ग्रुपवर टाकण्याची सूचना मांडली. त्यावर आकड्यांमुळे सभासदांत घबराट पसरेल, असं सेक्रेटरींचं मत पडलं. बांबू जुना झाल्याने नवा घेण्यास मात्र तत्त्वतः मान्यता मिळाली असून, त्यासाठी तीन कोटेशनं मागवण्यात आली आहेत.