वाकल्याशिवाय चालेना

शाळेत तीस वर्षं मी कवायत शिकवली. ‘सावधान!’ म्हटलं की पोरं ताठ, मीही ताठ. मुख्याध्यापकांपुढे कधी वाकलो नाही. आणि आता बहात्तराव्या वर्षी भाजीच्या हातगाडीपुढे रोज वाकतो.

झालं असं, की मंडईला जाताना दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशीच पाय जड व्हायला लागले. दुखणं फारसं नाही. ओल्या वाळूची पोती बांधावीत तसे. जरा उभं राहून दम खावा, तर जडपणा तसाच. बूड टेकलं की मात्र दोन-चार मिनिटांत पाय पुन्हा माझे. त्यामुळे वाटेवरच्या चपलांच्या दुकानात इतका बसलो, की संकोचापोटी तीन जोड घ्यावे लागले. न चालणाऱ्या माणसानं!

सायकलवर मात्र काहीच होत नसे. “अहो, तासभर सायकल फिरवता आणि कोथिंबीर आणायला पाय जड होतात?” ही म्हणाली. संशय रास्त होता.

डॉक्टरांनी आधी पावलांवरची नाडी चाचपली. पायाला रक्त कमी पडत असतं तर नुसतं थांबूनही बरं वाटलं असतं, आणि सायकलनं पोटऱ्या धरल्या असत्या. नाडी ठणठणीत. मग त्यांनी विचारलं, “सर, मॉलमध्ये ट्रॉली ढकलताना?” मी चमकलो. ट्रॉलीवर रेलून मी सुसाट असतो!

एमआरआयमध्ये चोर सापडला. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांपाशी पायांच्या नसांची वाट अरुंद झाली होती. पुढून चकती फुगलेली, बाजूचे सांधे वाढलेले, मागचा बंध जाड झालेला. ताठ उभं राहिलं की तो बंध आत दुमडतो आणि नसा आवळतो. पुढे वाकलं की ताणला जातो, वाट जरा रुंदावते. म्हणून खुर्ची, सायकल, ट्रॉली चालते. ‘सावधान’ तेवढं चालत नाही.

ऑपरेशनची घाई नव्हती. गुडघे पोटाशी घ्यायचे, पोटाचे स्नायू बळकट करायचे, घरात सायकल मारायची. कण्यातल्या इंजेक्शननं कुणाला काही आठवडे उतार पडतो, कुणाला तेवढाही नाही. चालणं फारच आक्रसलं तर मागचं हाड आणि बंध कोरून वाट मोकळी करतात. त्यानं पाय सुधारण्याची आशा बरी, कंबरदुखीची तेवढी नाही. “पण लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी या,” हे त्यांनी हिच्याकडे बघून सांगितलं. माझ्यावर भरवसा नसावा.

चार चाकांचा वॉकर सुचवला होता. मी नाही म्हटलं. कवायत मास्तर आणि वॉकर? काल भाजीवाला म्हणाला, “सर, रोज रेलताच आहात, तर कोपऱ्यापर्यंत ढकला की!” ढकलली. एकदाही बसावं लागलं नाही. कोपऱ्यावर जुना विद्यार्थी भेटला, मला न ओळखता म्हणाला, “मेथी कशी दिली?”

‘सावधान!’ अगदी ओठांवर आलं होतं. वीस रुपये सांगितले.