पाहुण्यांची खोली आणि माझी संत्री भिंत

“काकू, तुमच्या भिंतीनं माझ्या खोलीची पार वाट लावली बाप्पा!”

शेजारची सूनबाई कंपाउंडवर कोपरं टेकवून उभी, काखेत रंगाचं शेडकार्ड. आता माझी भिंत म्हणजे दोन मजली घराची पूर्वेची बाजू, पिकलेल्या संत्र्याच्या रंगाची. काटोल-कळमेश्वरच्या पट्ट्यात राहून हा रंग नाही लावायचा तं कोणता लावायचा? मी म्हटलं, “भिंत माझी, खोली तुझी. मधात कंपाउंड आहे. माझ्या भिंतीनं काऊन वाट लागन?”

“खिडकीतून आत पाहा नं. कार्डावर आकाशासारखा निळा होता. पेंटरनं भिंतीवर हातभर मारून दाखवला, अन् आता पाहा, राख फासल्यावानी दिसून राहिला.”

पाहिलं. खरंच राखेसारखा मळका. तिची ती खोली पश्चिमेला, खिडकी सरळ आमच्याकडे. आजपर्यंत तिथं गव्हाची कोठी, शिलाई मशीन आणि तुटका पंखा नांदत होते. आषाढात धापेवाड्याच्या यात्रेसाठी तिची नणंद आणि घरचे जावई येणार, दोन रात्री मुक्काम. जावई म्हटल्यावर सासूबाईंनी कोठी हलवली, पुट्टी झाली, प्रायमर झाला. गाडी अडली ती रंगावर.

“अगं, सकाळचं ऊन तुझ्या घरावरून येऊन माझ्या वरच्या मजल्यावर पडतं,” मी म्हटलं. “तिथून उलटून तुझ्या खिडकीत शिरतं. येताना माझ्या भिंतीचा रंग घेऊन येतं. नारिंगी उजेड निळ्या भिंतीवर पडला की निळा मरतो. एकमेकांचे वैरी आहेत ते दोघं. दुपारी पाहा, आमच्या घराची सावली पडल्यावर तोच पट्टा निळा दिसन.”

“दुपारी दिसतो नं! म्हणून तं मी पसंत केला. दुकानातून आली तेव्हा दोन वाजले होते.”

बहुतेकांचं असंच होतं. रंग दुपारी पसंत करायचा, दुकानाच्या ट्यूबखाली. आणि पाहुणा खोलीत असतो कधी? संध्याकाळी बॅग टेकवतो, रात्री झोपतो, सकाळी चहा पिऊन आवरतो आणि बाहेर पडतो. दोन दिवसांच्या पाहुण्याला दुपारची खोली दिसतच नाही. त्याच्या खोलीचा रंग रात्री नऊला आणि सकाळी सातला पाहून ठरवायला हवा.

“मग तुम्हीच तुमची भिंत पांढरी करा ना,” ती हसत म्हणाली.

“जावई दोन रात्री राहीन, मी इथं जन्माची. माझी भिंत काही बदलत नाही.”

“मंडळी म्हणतात निळ्यानं थंड वाटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, म्हणून म्हटलं.”

हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. आतल्या भिंतीला निळा लावा नाहीतर लाल, खोली अर्ध्या डिग्रीनंही थंड होत नाही. डोळ्यांना वाटतं तेवढंच. ऊन अडवायचं तर गच्चीला पांढरा लावा, त्यानं खरंच फरक पडतो. पण हिचे पाहुणे तर आषाढात येणार! तेव्हा आभाळ आठ-आठ दिवस भरलेलं, खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो. त्या राखी उजेडात फिका निळा आणखी गारठतो. वर पांढरीफेक ट्यूब लावली की सरकारी दवाखाना झालाच म्हणून समजा. फिक्या पिस्त्याचंही तेच. जुन्या घरांतून पिस्ता डिस्टेंपर इतका पाहिलाय की मला त्या रंगाचा वासही फिनाइलचाच येतो.

“मग कोणता?”

“क्रीम. साईच्या अंगानं जाणारा, पण पिवळा नाही. माझ्या भिंतीचा उजेड पडला की तो जरा गुलाबीसर होईल, मळणार नाही. आभाळ भरलं तरी उजेड परत फेकन. छत मात्र पांढरंच ठेव.”

“कार्डावर क्रीमचेच बारा प्रकार आहेत, काकू.”

म्हणून मी तिला युक्ती सांगितली. कार्डावरचा आवडलेला रंग घ्यायचा नाही, त्याच पट्टीतला एक घर फिका घ्यायचा. बोटाएवढ्या तुकड्यावर जो फिका दिसतो तो चार भिंतींवर गडद होतो. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग टाकत राहतात, क्रीम लावायला जावं आणि खोली बेसनाची व्हावी. शिवाय भिंतीवर पट्टा मारून पाहायचंच नाही. बाजूला जुना रंग असला की नवा खोटा दिसतो. जुन्या हिरव्याशेजारी क्रीमसुद्धा लालसर वाटतं. दोन फूट बाय दोन फूट हार्डबोर्डचा तुकडा घ्यायचा, त्याला प्रायमर आणि रंगाचे दोन हात मारायचे, आणि पूर्ण वाळल्यावर खोलीत फिरवायचा. ओला असताना पाहू नये, वाळल्यावर छटा बदलते. खिडकीच्या भिंतीला टेकव, खिडकीसमोरच्या भिंतीला टेकव, पलंगाच्या उशाशी ठेव. सकाळी पाहा, रात्री दिवा लावून पाहा. खिडकीवर एक जाड चादर अर्धी टाकून पाहा, म्हणजे आषाढाचा अंदाज मेमध्येच येईल.

“रात्रीचा दिवा तर ट्यूबच आहे.”

“तो आधी बदल. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे पांढरा, निळसर. त्याखाली क्रीम फटफटीत दिसतं. ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळा. मधला ४००० चा घे. त्यात साडीचा रंगही खरा दिसतो, नणंदबाईंना तयार व्हायचं असतं. पण दिवा आधी, रंग मग. उलटं केलंस तर पुन्हा माझ्या नावानं बोटं मोडशील.”

मध्ये तिच्या सासूबाई दारात येऊन “पेंटर केव्हा येऊन राहिला?” विचारून गेल्या. पेंटर, तिच्या म्हणण्याप्रमाणे, दहा लिटर आणा म्हणत होता. मी कंपाउंडवरच्या धुळीत बोटानं हिशोब मांडला. खोली दहा बाय दहा, उंची दहा. चार भिंती मिळून चारशे चौरस फूट. दार तीन बाय सात, म्हणजे एकवीस वजा. खिडकी चार बाय चार, सोळा वजा. राहिले तीनशे त्रेसष्ट. पुट्टी केलेल्या गुळगुळीत भिंतीवर चांगला इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण एकशेवीस ते एकशेचाळीस चौरस फूट जातो. म्हणजे तीन लिटर. चार लिटरचा डबा पुष्कळ झाला. छताच्या पांढऱ्याचा हिशोब वेगळा.

“उरलेला लिटरभर ठेवून दे. झाकणावर शेडचा नंबर लिही. उशाशी भिंतीला तेलकट डोकी टेकली की डाग पडणारच, तेव्हा तोच डबा लागतो. पुन्हा नवीन रंग करून आणला तर किंचित फरक पडतो, अन् जावयाच्या डोक्यामागे चौकोनी ठिगळ दिसते. इमल्शन धुता येणारा घे, डिस्टेंपर नको. डिस्टेंपर पुसलं की हाताला येते.”

“पण खोलीत काही ताजं वाटलं पाहिजे नं, काकू. सगळं क्रीम क्रीम.”

ही गोष्ट मात्र तिनं बरोबर पकडली. क्रीम खोली स्वच्छ दिसते, पण झोपाळूही दिसते. म्हणूनच तिचा निळा फेकून द्यायचा नाही, भिंतीवरून काढून पलंगावर आणायचा. भिंत पाच वर्षं राहते, चादर दर मुक्कामाला बदलते. जी गोष्ट बदलता येते तिच्यावर हौस करावी. शिवाय पलंग खिडकीपासून आत, माझ्या भिंतीचा उजेड तिथं फारसा पोचत नाही.

ती घरात गेली आणि एक चादर घेऊन आली. लग्नात आलेली, मरून रंगाची, सॅटिनची, मधोमध हातभर गुलाब. मी हात लावून पाहिला. “ही टाकशील तं पाहुणा रात्रभर घसरत राहीन. अन् धुतलेली आहे की नाही, हे त्याला कळणार कसं?”

परक्या पलंगावर आडवं होताना माणूस पहिली शंका हीच घेतो, बोलत नाही एवढंच. हॉटेलवाल्यांनी हे केव्हाच ओळखलं. वेस्टिन नावाच्या अमेरिकी हॉटेलांनी १९९९ मध्ये सगळा पांढराशुभ्र पलंग आणला आणि मग बाकीच्यांनीही तीच वाट धरली. पांढऱ्यावर डाग लपत नाही, म्हणूनच पांढरा दिसला की विश्वास बसतो. पण हॉटेलात गरम पाण्यानं ब्लीच करणारी यंत्रं असतात. आपल्याकडे बोअरचं जड पाणी. साबणाला फेस नाही, उलट साबणाचा मळ कापडात बसतो आणि चार धुण्यांत पांढरी चादर करडी होते. नीळ दिली तर थोडी सावरते, पण नीळ आधी पाण्यात नीट विरघळव, नाहीतर चादरीवर निळे डाग.

“म्हणून खालची चादर पांढरी सुती, तीही दोन जोड,” मी म्हटलं. “आषाढात एक धुतली की वाळत नाही, अन् अर्धवट वाळलेली घातली की कुबट वास येतो. मग रंग कितीही ताजा असो. वर पायथ्याशी घडी करून सोलापुरी चादर, निळ्या-पांढऱ्या चौकड्याची. पावसात रात्री गारवा झाला तर तीच ओढायला कामी येते. झालं की नाही तुझं आकाश?”

“अन् उशा?”

“उशीचे अभ्रे पांढरे नको. तेल लावणारी घरं आपली. सोलापुरीतलाच निळा घे, पण थोडा गडद. अन् घालण्याआधी तपासून घे.”

तपासायचं असं. पांढरा रुमाल ओला करून पिळायचा आणि अभ्र्याच्या आतल्या कोपऱ्यावर दहा-बारा वेळा जोरात घासायचा. रुमालावर रंग उतरला तर तो घामानंही उतरणार, आणि जावईबापू सकाळी निळा गाल घेऊन चहाला येणार. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो म्हणतात. आजकालच्या रंगांना मीठ काही करत नाही. वेगळं दोन-तीनदा धुवायचं, पाणी निवळ येईपर्यंत, आणि पुन्हा रुमाल घासून पाहायचा. तिसऱ्या धुण्यानंतरही रुमाल निळा झाला तर तो अभ्रा पुसायला घ्यावा.

“अन् मरून चादरीचं काय करू? आईंनी जपून ठेवली आहे, त्यांना वाटते हीच टाकावी.”

“कूलरच्या बाजूला जी भिंत आहे तिच्यावर आज एक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटव. उद्या आतून घाम आला असला तं भिंतीत ओल आहे, अन् तिच्यावर क्रीम लावलं की श्रावणाआधी पोपडे येतील. सासूबाईंना ते दाखव. ओलीची चिंता लागली की चादरीचं विसरून जातील.”

तेवढ्यात आतून हाक आली, नळ आले होते. ती शेडकार्ड माझ्या हातात देऊन पळाली, जाता जाता ओरडली, “दोन क्रीमवर पेनानं खूण करून ठेवा, काकू!”

मी तीनवर केली.