मॉडेल बरोबर, सोनं चुकलं

सोन्याने यंदाही मॉडेलचं ऐकलं नाही. पण संशोधन विभागातल्या साहेबांच्या टिपणात खेदाचा शब्द नाही. उलट ठळक अक्षरांत छापलंय: 'सोने योग्य किमतीपेक्षा महाग.' योग्य किंमत म्हणजे अर्थातच साहेबांच्या मॉडेलने काढलेली.

मॉडेल अगदीच टाकाऊ नव्हतं. सोनं व्याज देत नाही. त्यामुळे अमेरिकेच्या दहा वर्षांच्या रोख्यांवर महागाई वजा जाता हाती उरणारा परतावा वाढला की सोनं पडायचं, आणि डॉलर वधारला की आणखी पडायचं. 2013 साली हा परतावा दीडेक टक्का वाढला आणि सोनं औंसामागे चारशेहून जास्त डॉलरनी आपटलं. म्हणजे एका टक्क्याला ढोबळमानाने तीनशे डॉलर. साहेबांचा आर-स्क्वेअर तेव्हा फार देखणा दिसायचा.

मग ऑगस्ट 2020 मध्ये परतावा उणे 1 टक्क्याच्या आसपास होता आणि सोनं 2000 डॉलरवर. ऑक्टोबर 2023 पर्यंत परतावा अधिक 2.4 टक्क्यांच्या घरात गेला, डॉलरही वधारला. जुन्या हिशेबाने सोनं हजाराच्या आसपास हवं होतं. ते 2000 च्याच जवळ बसून राहिलं.

यावर साहेबांचा उपाय ऐका. मॉडेलमध्ये एक डमी घातला. डमी म्हणजे काय, तर 2022 च्या आधी सगळीकडे शून्य आणि नंतर सगळीकडे एक, असा एक रकाना. परताव्याला आणि डॉलरला जे समजावता आलं नाही, ते सगळं हा 'एक' मुकाट गिळतो आणि आर-स्क्वेअर पुन्हा देखणा होतो. 2025 मध्ये सोनं 4000 च्या पुढे गेलं, तेव्हा पहिल्या डमीचं पोट भरलं आणि दुसरा घालावा लागला. त्या 'एक'मध्ये दडलंय काय, हे विचारायचं नाही. त्यात 2022 ते 2024 या काळात वर्षाला हजार टनांहून अधिक सोनं उचललेल्या मध्यवर्ती बँका आहेत. उद्या आपली गंगाजळी कुणी गोठवली तर, या धास्तीने खरेदी करणाऱ्याला रोख्याच्या परताव्याची काय पडलीय? पण धास्तीचा आकडा दर आठवड्याला प्रसिद्ध होत नाही, मग ती मॉडेलात यायची कुठून!

आणि तो देखणा आर-स्क्वेअरही निम्मा फुकटचा. वर्षानुवर्षं एकाच दिशेला वाहत जाणाऱ्या दोन रेषा एकमेकींवर ठेवल्या की त्या जुळणारच. चूक महिनोन् महिने एकाच बाजूला राहत असेल तर समजावं, नातं तुटलंय. पातळ्या सोडा, आठवड्याआठवड्याचे बदल एकमेकांशी ताडून पाहा. नातं अजून दिसतं, पण पार बारीक झालेलं. परतावा एका दिवसात उसळला तर सोनं आजही दचकतं. मॉडेल तेवढंच सांगू शकतं. सोनं 2000 वर असावं की 4000 वर, हे सांगणं त्याच्या कुवतीतलं नाही.

तरी साहेब 'महाग' छापतात, आणि ते वाचून लोक 2000 ला विकून मोकळे झाले! सल्ल्याची फी परत मिळत नाही. निदान टिपणाखाली गेल्या तीन वर्षांतल्या 'योग्य किमती' तरी छापा. डमी न घालता.